बाबांचा स्क्रीन हवाय की घराचं दार?

गेल्या पावसाळ्यात बाबांना एक फोन आला. तुमचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, असं पलीकडचा माणूस सांगत होता. अपडेट करण्यासाठी त्याने बाबांना मोबाईलवर एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. अ‍ॅप आलं, त्यावर नऊ आकडी नंबर दिसला आणि बाबांनी तो वाचूनही दाखवला. मग स्क्रीनवर परवानगी मागणारी चौकट आली. त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बिल तर परवाच भरलं!" तेवढ्यावर थांबलं. मी नंतर चिडून विचारलं, "बाबा, नंबर सांगितलाच कसा?" ते शांतपणे म्हणाले, "अगं, तूही दर वेळी तेच विचारतेस ना?"

या उत्तरावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं. आम्ही कराडला, मी पुण्यात शिकायला. पेन्शनचा हयातीचा दाखला अडला, प्रिंटर रुसला, की मी फोनवर म्हणायची, "बाबा, ते अ‍ॅप उघडा, नंबर सांगा, हो म्हणा." सोय म्हणून मी जी सवय लावली, तिच्यावरच भामट्यांचा धंदा चालतो. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच स्क्रीन दाखवणाऱ्या अशा अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. म्हणजे दोष अ‍ॅपचा नव्हता, ते वापरण्याच्या माझ्या पद्धतीचा होता.

शहरात शिकणाऱ्या आपल्यापैकी बहुतेक जण घरचे बिनपगारी आयटी इंजिनिअर असतात. आणि कधीतरी एखादा हुशार मित्र सांगतोच, "ही अ‍ॅपं काढून टाक, घरी स्वतःचा व्हीपीएन बसव." मीही ते करून पाहिलं. माझं मत असं झालं की 'दोन्हींत चांगलं कुठलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. तुम्हाला बाबांचा स्क्रीन बघायचाय की घराच्या नेटवर्कमध्ये शिरायचंय, हे आधी ठरवा. ही दोन वेगळी कामं आहेत.

दोघांत फरक काय?

रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप, म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप, मध्यस्थावर चालतं. बाबांचा संगणक आणि तुमचा लॅपटॉप दोघेही आपणहून बाहेर एका सर्व्हरला हाक मारतात, सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. थेट रस्ता मिळाला तर ठीक, नाहीतर सगळा डेटा त्या मध्यस्थाकडून जातो. घरच्या राऊटरला हातही लावावा लागत नाही. बदल्यात तुम्ही त्या कंपनीवर विश्वास टाकता. एनीडेस्कच्या सर्व्हर यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं कंपनीनेच फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

व्हीपीएन म्हणजे घराच्या नेटवर्कपर्यंत टाकलेली कुलूपबंद नळी. ती लागली की तुम्ही पुण्यात बसूनही कराडच्या वायफायवर असल्यासारखे होता. घरच्या संगणकातलं शेअर केलेलं फोल्डर उघडतं, कॅमेऱ्याचा डीव्हीआर दिसतो. पण बाबा कुठलं बटण दाबतायत ते मात्र दिसत नाही! त्यासाठी नळीतून पुन्हा रिमोट डेस्कटॉप चालवावा लागतो, आणि इथे एक खोच आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणारा रिमोट डेस्कटॉप घ्यायची सोयच नाही, ती प्रो आवृत्तीत असते. घरगुती लॅपटॉपवर बहुधा होमच असतं. आपल्याकडे कुठली आहे ते Settings मध्ये System, मग About उघडून बघा. मी हे न बघता शनिवार-रविवार घालवला.

माझा व्हीपीएन का लागला नाही

व्हीपीएनसाठी मी वायरगार्ड निवडलं. जुन्या लॅपटॉपवर बसवलं, राऊटरमध्ये यूडीपीचा 51820 पोर्ट त्या लॅपटॉपकडे वळवला आणि पुण्याला आले. काहीच लागलं नाही. वायरगार्डची गंमत अशी की ते चूक सांगत नाही, गप्प बसतं. बघायची एकच गोष्ट, Latest handshake ही ओळ. ती दिसतच नसेल तर घराशी जोडणी झालेलीच नाही.

कारण राऊटरच्या पानावर होतं. तिथे WAN IP समोर 100.72 ने सुरू होणारा पत्ता होता आणि घरच्याच वायफायवरून इंटरनेटवर 'माझा आयपी' शोधला तर वेगळाच पत्ता येत होता. याचा अर्थ कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. याला सीजीनॅट म्हणतात. एखाद्या मोठ्या सोसायटीचा पत्ता गेटवर लिहिलाय, पण फ्लॅट नंबरची पाटीच नाही, असं समजा. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून नेमकं तुमच्या दारी येता येत नाही. पत्ता 100.64 ते 100.127 मध्ये असेल, किंवा WAN समोरच 10 किंवा 192.168 ने सुरू होणारा असेल, तर तुमचीही तीच गत. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्या, नाहीतर वेगळा मार्ग धरा.

वैतागून रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट थेट इंटरनेटवर उघडायचा मोह काहींना होतो. तो अजिबात करू नका. उघडा 3389 शोधत इंटरनेटभर स्वयंचलित प्रोग्राम फिरत असतात आणि पासवर्डवर पासवर्ड मारून बघतात.

मी वेगळा मार्ग धरला, टेलस्केल. आत वायरगार्डच, पण दोन्ही यंत्रं आपणहून बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. थेट रस्ता नाहीच मिळाला तर तेही मध्यस्थ सर्व्हरमधून जातं, पण कुलूप तुमच्या यंत्रांवरच लागलेलं असल्याने मध्यस्थाला आतलं वाचता येत नाही. डीव्हीआरवर अ‍ॅप बसत नाही, त्यामुळे घरच्या संगणकालाच वाटाड्या करावं लागतं. त्यासाठी त्यावर ही एक ओळ:

```
tailscale set --advertise-routes=192.168.47.0/24
```

मग टेलस्केलच्या वेबपानावर त्या मार्गाला मंजुरी द्यायची, की कॅमेरे पुण्यात दिसतात.

यातला 47 मुद्दाम आहे. कित्येक राऊटर 192.168.1 किंवा 192.168.0 याच पत्त्यांवर येतात. माझ्या होस्टेलचं आणि घरचं दोन्ही 192.168.1 होतं, त्यामुळे 'डीव्हीआर उघड' म्हटलं की लॅपटॉप होस्टेलच्याच नेटवर्कमध्ये शोधत बसायचा. जोडणी लागलेली दिसते, पण घरातलं काही उघडत नाही, अशी स्थिती असेल तर पहिला संशय यावर घ्या आणि घरच्या राऊटरचा पत्ता बदलून टाका. दुसरी गोष्ट, टेलस्केलची किल्ली आपोआप 180 दिवसांनी संपते. घरच्या यंत्रासाठी ती मुदत वेबपानावर बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी अचानक सगळं ठप्प होईल आणि तुम्ही पुण्यात डोकं धरून बसाल.

मग आमच्या घरी काय ठरलं?

कागदपत्रं, फोटो, कॅमेरे यासाठी व्हीपीएन. त्यात बाबांना काहीच करावं लागत नाही, नंबर सांगायचा नाही की हो म्हणायचं नाही. त्यांना काही करावं लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

बाबा अडले, स्क्रीन बघायचाय, तर मध्यस्थावरचं अ‍ॅपच. ते काढून टाका हा सल्ला मला पटत नाही. समोर माणूस बसलेला असताना त्याच्या नजरेसमोर मदत करणं हे याच साधनाचं काम आहे. पण अटी घातल्या. कायमचा पासवर्ड ठेवायचा नाही. मोबाईलवर असलं अ‍ॅप नाहीच, कारण बँक आणि यूपीआय तिथे आहे. संगणकावर आम्ही क्रोमची एकवेळची मदत वापरतो. तिचा बारा आकडी कोड पाच मिनिटांत मरतो, एकदाच चालतो आणि स्क्रीन दाखवणं चालू ठेवायचं का, हे दर अर्ध्या तासाने बाबांना विचारलं जातं. घरचा नव्हे, दुकानाचा संगणक असेल तर मात्र परवाना आधी वाचा. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्ती खासगी वापरापुरतीच आहे.

एक मर्यादा दोन्हींना सारखी. संगणक बंद असेल तर कुठलंच साधन चालत नाही. आमच्याकडे लाईट जाते, येते, पण संगणक झोपलेलाच राहतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक डेस्कटॉपला असते, ती लावून या. विंडोजचं स्लीपही बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम तंत्राचा नाही. फोन बाबांनी मला करायचा. कुणीही, अगदी माझ्या आवाजातही, फोन करून नंबर किंवा कोड मागितला तर ठेवून द्यायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन लावायचा. चुकून कोड दिलाच तर आधी इंटरनेट बंद, मग बँकेला फोन, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930.

या दिवाळीत घरी जाल तेव्हा राऊटरच्या पानावरचा WAN IP बघून या. आई-बाबांना तुम्ही कुठल्या फोनवर, कुठल्या शब्दांत 'हो म्हणा' शिकवलंय, तेही जरा आठवून बघा. परवा मी बाबांना मुद्दाम मैत्रिणीच्या नंबरवरून फोन केला आणि कोड मागितला. ते म्हणाले, "थांब, मी तुला उलट लावतो." आणि खरंच ठेवला.