दंड कापलात, नोटीस दाखवा!

भिवंडीत सूत महागले की साचे थांबतात, साचे थांबले की पंधरवड्याचा पगार आटतो आणि नेमक्या त्याच महिन्यात बँक कामगाराच्या बचत खात्यावर हात मारते. किमान शिल्लक नाही म्हणून दंड! ही वसुली नव्हे, लूट आहे. सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत या एका दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, हे खुद्द अर्थखात्याने २०२४ मध्ये संसदेत सांगितले. ज्याच्या खात्यात कमी, त्याच्याच खात्यातून!

आणि नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्येच बजावले, की शिल्लक घसरली तर आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवा, भरणा करायला एक महिना द्या, त्यानंतरच दंड लावा. दंडही तुटीच्या प्रमाणात हवा, आणि केवळ दंडामुळे बचत खाते उणे जाता कामा नये. ही बँकेची मेहेरबानी नाही, बंधन आहे.

म्हणून शांतीनगर-कामतघरच्या आमच्या कामगार बांधवांनो, मॅनेजरकडे गयावया करणारा अर्ज फाडून टाका. घरची अडचण, आजारपण, मुलांच्या फिया यांनी पान भरू नका. त्यावर साहेब हळहळतील आणि कागद बाजूला ठेवतील. खाते क्रमांक घालून एवढेच लिहा:

‘माझ्या बचत खात्याची किमान शिल्लक २,००० रुपये आहे. ५ तारखेला १५० रुपये दंड व २७ रुपये जीएसटी, असे १७७ रुपये कापले गेले. तेव्हा खात्यात १,८०० रुपये होते, म्हणजे तूट २०० रुपयांची. दंडापूर्वी मला कोणतीही सूचना मिळाली नाही. तरी १७७ रुपये खात्यात परत जमा करावेत. सूचना दिली असल्यास तिची तारीख व प्रत लेखी द्यावी.’

शेवटचे वाक्य गाळू नका! सूचना दिल्याचा पुरावा आता बँकेने काढायचा आहे. दोनशेच्या तुटीला १७७ रुपयांची कपात कोणत्या प्रमाणात बसते, तेही तिनेच सांगावे. त्या कपातीने शिल्लक १,६२३ वर आली, तूट ३७७ झाली. पुढच्या दंडाची सोय बँकेनेच करून ठेवली!

मात्र अर्जाआधी मोबाइलमधले जुने मेसेज तपासा. सूचना येऊन महिना उलटला असेल, तर हा मुद्दा टिकणार नाही. तेव्हा माफीची विनंतीच करावी लागेल. यंत्रमाग मालकांच्या चालू खात्यालाही हा नियम लागू नाही.

पासबुकातल्या नोंदीची झेरॉक्स जोडा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी ‘बघतो’ ऐकून परतू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर तीच शिक्क्याची प्रत घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.