तापाच्या रुग्णाला एक प्रश्न विचारा: घरी शेळी व्याली होती का?

ताप अंगावर काढून तुम्ही दवाखान्यात येता तेव्हा आम्ही डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, टायफॉईडच्या तपासण्या लिहून देतो. त्या निगेटिव्ह आल्या की 'व्हायरल असेल' म्हणून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे की सिन्नर, येवला, मालेगावकडून येणाऱ्या रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरात किंवा शेजारी शेळी, मेंढी, गाय व्याली का, किंवा गाभडली का?

हा प्रश्न क्यू फीवरसाठी आहे. कॉक्सिएला बर्नेटी हा त्याचा जिवाणू. बाधित जनावर बहुधा धडधाकट दिसतं, पण विताना त्याची वार आणि गर्भजल यांतून असंख्य जिवाणू बाहेर पडतात. ते वाळून मातीत, शेणात मिसळतात, महिनोन्‌महिने टिकतात आणि धुळीबरोबर श्वासातून आत जातात. आजार व्हायला अगदी थोडे जिवाणू पुरतात. त्यामुळे शेळीला हातही न लावलेल्या माणसाला तो होऊ शकतो.

नेदरलँड्समध्ये हेच घडलं. 2007 मध्ये हेर्पेन नावाच्या खेड्यातल्या फॅमिली डॉक्टरांना नेहमीपेक्षा जास्त न्यूमोनियाचे रुग्ण दिसू लागले. शोध घेतल्यावर मूळ सापडलं ते आसपासच्या दुधाळ शेळ्यांच्या गोठ्यांत. 2010 पर्यंत चार हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सरकारला हजारो गाभण शेळ्या माराव्या लागल्या. सुरुवात मात्र गावातल्या डॉक्टरांच्या शंकेपासून झाली होती.

आता आपल्याकडचा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पंचेचाळिशीची बाई, लहानपणी सांधेतापामुळे हृदयाची झडप खराब झालेली. घरच्या शेळीची वार अडकली, तिने ती उघड्या हातांनी काढली. तीन आठवड्यांनी कडकडून ताप, प्रचंड डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला. रक्तात यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली. आठ-दहा दिवसांत ताप उतरला आणि सगळे विसरले.

बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. अनेकांना तर लक्षणंही जाणवत नाहीत. पण खराब किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसात हा जिवाणू झडपेवर ठाण मांडून बसू शकतो. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं आणि चालताना धाप सुरू होते. टीबीची शंका घेतली जाते. ब्लड कल्चर निगेटिव्ह येतं, कारण हा जिवाणू फक्त जिवंत पेशीत वाढतो, नेहमीच्या कल्चरमध्ये नाही. इकोमध्येही झडपेवरची गाठ लहान असते किंवा दिसतच नाही. सगळे रिपोर्ट 'नॉर्मल' आणि झडप मात्र आतून झिजत राहते.

निदान रक्तातल्या अँटिबॉडीजवरून होतं. त्या दोन प्रकारच्या असतात. ताज्या आजारात फेज दोनच्या जास्त वाढतात, जुनाट संसर्गात फेज एकच्या खूप वर जातात. पहिल्या आठवड्यात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो. ही तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, मुद्दाम बाहेर पाठवावी लागते. म्हणूनच आधी शंका यायला हवी.

उपचारातला फरक बघा. ताज्या आजाराला साधारणपणे दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन पुरतं आणि दाट शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात. झडपेला संसर्ग झाला की त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यावं लागतं, तेही किमान दीड वर्ष. कृत्रिम झडप असेल तर दोन वर्षं. काहींना शस्त्रक्रियाही लागते. वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत ही अशी आहे.

शेळ्या विकून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. पण झडपेचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी जनावर विताना गोठ्यात थांबू नये. गरोदरपणात या आजाराने गर्भपाताचा धोका असतो. इतरांनी हातमोजे आणि मास्क वापरावा. वार उकिरड्यावर किंवा कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावी आणि गोठा पाणी मारून मगच झाडावा. दूध उकळूनच प्यावं.

आणि ताप आला, डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा: 'डॉक्टर, आमची शेळी व्याली होती आणि माझी झडप खराब आहे.' ताप उतरला तरी अशा रुग्णाने इको करून घ्यावा आणि पुढचं वर्ष-दोन वर्षं दर काही महिन्यांनी अँटिबॉडीज तपासत राहाव्यात.