दोन अटॅकच्या मधले दिवस

पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. धडधड, धाप, हातापायांना मुंग्या, ‘आता संपलं’ ही खात्री, सगळं एवढ्याच वेळात. मला हा त्रास आहे. पण आज लिहायचं आहे ते त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल, ज्यात काहीच होत नाही आणि तरीही चैन पडत नाही.

१९६०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे मानसोपचारतज्ज्ञ इमिप्रामिन हे औषध असे अटॅक येणाऱ्या रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवड्यांनी वॉर्डातल्या लोकांच्या लक्षात आलं, की ‘मी मरतोय’ म्हणत नर्सकडे धावत येणारा रुग्ण आता येत नाही. अटॅक थांबले होते. रुग्ण मात्र म्हणत होता, मला काही फरक नाही. एकट्यानं बाहेर पडायची त्याची भीती तशीच होती. म्हणजे अटॅक आणि अटॅकची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली गेली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. मला कुणी हे आधी सांगायला हवं होतं, असं फार वाटतं. ‘आता बरेच दिवस झाला नाही ना, मग कशाला घाबरतेस?’ या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

धास्ती जगते ती लक्ष देण्यावर. जिना चढल्यावर छाती सगळ्यांचीच धडधडते. ते माझ्याही लक्षात येत नव्हतं. पहिल्या अटॅकनंतर प्रत्येक ठोका ऐकू येऊ लागला. चहा जास्त झाला, उन्हात चालले, झोप कमी झाली, की ‘सुरू होतंय की काय’ हा विचार येतो, त्या विचारानं ठोके आणखी वाढतात आणि विचार खरा वाटायला लागतो.

धास्तीला दुसरं खाद्य आपणच घालतो. माझा अटॅक ठाण्याहून दादरला जाताना जलद लोकलमध्ये आला होता. तेव्हापासून मी धीमी लोकल धरली, कारण तिच्यात थोड्या थोड्या वेळानं स्टेशन येतं, उतरता येतं. दाराजवळची जागा, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची पट्टी. गोळी घ्यावी लागली नाही तरी पट्टी हवीच. प्रवास नीट झाला, की मन म्हणे, बाटली होती म्हणून वाचले. गाडीत तसंही काही झालं नसतं, हे कळायची संधीच मी मनाला देत नव्हते.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी इथूनच सुरुवात केली. हृदय, थायरॉइड तपासून झालं होतं, म्हणून आधी अटॅकसारखी लक्षणं मुद्दाम आणायचे व्यायाम. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नसतात. बाईंच्या खोलीत नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, जागच्या जागी धावायचं, खुर्चीत बसून गोल फिरायचं, प्रत्येक साधारण मिनिटभर. धाप लागते, गरगरतं, अगदी अटॅकसारखं, आणि काही वेळात आपोआप शमतं. हे आपण स्वतः आणलेलं असतं, म्हणून त्याची ओळख होते.

मग गाडी. चढण्यापूर्वी कागदावर भाकीत लिहायचं. मी लिहिलं, ‘कुर्ल्याच्या आत चक्कर येऊन पडेन.’ पॅनिकमध्ये रक्तदाब बहुधा वाढतो, म्हणून भोवळ येऊन पडणं दुर्मीळ, हे बाईंनी सांगितलं होतं. पण ते ऐकून पटत नाही, घडून पटतं. पहिल्यांदा बाटलीसह, पुढे बाटलीशिवाय, मग दारापासून आत. गोळीची पट्टी घरी ठेवण्याचा टप्पा त्यांच्या सल्ल्यानंच आला; रोज चालणारं औषध कुणीही आपल्या मनानं बंद करू नये.

गडबड होते ती दोन ठिकाणी. भीती शिगेला असतानाच उतरलं, की धास्ती पक्की होते. आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसून किंवा मोजून श्वास घेत प्रवास केला, तर तेही बाटलीसारखंच होतं. जमतंय हे ओळखायचं कसं? शांत वाटलं का, हे विचारू नये. छाती धडधडत होती, हात गार होते, आणि कागदावर लिहिलेलं घडलं नाही, एवढं पुरे. माझ्या कागदावरचं भाकीत कुर्ल्याला खोटं ठरलं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच लिहिलं, पुन्हा खोटं ठरलं. धास्ती एका फटक्यात जात नाही. तिचं ऐकून गाडी बदलणं मात्र बंद होतं.

तुम्हीही रस्ता, गाडी, लग्नसमारंभातली खुर्ची या भीतीनं निवडत असाल, तर पुढच्या अटॅकची वाट पाहू नका. अटॅक नसलेले हे दिवसच उपचाराला योग्य असतात. आधी डॉक्टरांकडून शरीर तपासून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कुठे जावं कळत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.