सायकलवर जाणाऱ्यांसाठी भेट

वणीहून एक भगिनी विचारतात, "शौहर रोज सायकलने कामावर जातात. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, त्यात पाऊस. ईदला काय द्यावे?"

रेनकोट त्यांच्याकडे असेलच, आणि घोळ तिथेच आहे. लांब रेनकोटची मागची झालर कॅरिअरवरून खाली येते आणि मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर झाकते. उघडा राहिला तरी कोळशाच्या चिखलाने तो मंद होतो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा द्या. तो सीटखाली लावू नका, तिथेही रेनकोट आड येतो. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर, उजव्या बाजूला लावा, कारण ट्रक त्याच बाजूने पुढे जातात. चार्जिंगच्या जागेचे रबरी झाकण घट्ट दाबले नाही तर पहिल्याच पावसात पाणी शिरते.

संध्याकाळी त्यांना रेनकोट घालून, डबा-पिशवीसह सायकलवर बसवा आणि वीस पावले मागे उभ्या राहा. दिवा दिसला नाही तर खाली सरकवा.

सोबत घोट्याला बांधायच्या चमकदार पट्ट्या द्या. पॅडलबरोबर त्या खाली-वर होतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच कळते. पायजम्याची मोहरीही चेनमध्ये अडकत नाही, हा वरचा फायदा!

ब्रेकचे काम मात्र दिवा करणार नाही. लोखंडी रिम ओली असली की ब्रेक उशिरा धरतो. उतारावर आधीपासूनच हलके दाबत राहायला सांगा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते.