अँजिओग्राफी नॉर्मल आली, पण पहाटेची कळ थांबली नाही

हे आवाहन त्या माणसांसाठी आहे, ज्यांना रात्री किंवा पहाटे छातीत दुखून जाग येते आणि ज्यांच्या हातात ‘ब्लॉकेज नाही’ असा अँजिओग्राफीचा रिपोर्ट आहे. तो रिपोर्ट खरा असेल, पण तेवढ्याने तुमचे दुखणे खोटे ठरत नाही.

समजा, सत्तेचाळीस वर्षांचे एक रिक्षाचालक आहेत. दिवसाला दोन बंडल बिड्या ओढतात. पहाटे चारच्या सुमारास त्यांना जाग येते. छातीच्या मधोमध कुणी पाट ठेवून वर बसल्यासारखे वाटते, जबडा भरून येतो, अंगाला दरदरून घाम सुटतो. दहा मिनिटांत सगळे ओसरते. सकाळी दवाखान्यात जातात तेव्हा इसीजी चांगला निघतो. पट्ट्यावर चालण्याच्या चाचणीतही काही सापडत नाही. दिवसभर रिक्षा चालवतात, जिने चढतात, एकदाही दुखत नाही. शेवटी अँजिओग्राफी होते आणि नळ्या स्वच्छ दिसतात. मग कुणी गॅस म्हणतो, कुणी टेन्शन, आणि घरचेही हळूहळू ‘मनाचे खेळ’ म्हणू लागतात.

पोटरीत गोळा आल्याचा अनुभव बहुतेकांना असतो. स्नायू एकाएकी आवळतो, जीव कासावीस होतो आणि थोड्या वेळाने सैल पडतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या भिंतीतही स्नायूच असतो. तो असा आवळला की नळी काही मिनिटांसाठी जवळजवळ बंद होते आणि हृदयाच्या त्यापुढच्या भागाला रक्त कमी पडते. याला डॉक्टर ‘स्पाझम’ म्हणतात आणि त्यातून होणाऱ्या दुखण्याला ‘व्हॅसोस्पास्टिक अंजायना’. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसचे हृदयरोगतज्ज्ञ मायरन प्रिंझमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचे वर्णन केले. म्हणून जुने डॉक्टर त्याला प्रिंझमेटल अंजायनाही म्हणतात. नेहमीचा अंजायना श्रम केल्यावर दुखतो आणि बसल्यावर थांबतो. हा मात्र विश्रांतीत येतो, आणि मध्यरात्र ते पहाट ही त्याची आवडती वेळ.

मग अँजिओग्राफीत तो दिसत का नाही? कारण ती तपासणी बहुधा दिवसा होते, दुखत नसताना होते. शिवाय मनगटातून नळी घालताना रक्तवाहिनी आवळू नये म्हणून तिथे अनेकदा नळ्या सैल करणारी औषधे देतात. चित्र काढण्याआधी कधी कधी हृदयाच्या नळीतही तसे औषध सोडतात. म्हणजे ज्या नळीला रात्री गोळा येतो, तिचा फोटो आपण ती आरामात पडलेली असताना काढतो. नळीत चरबीचा मोठा अडथळा नाही, एवढे हा फोटो नक्की सांगतो. ती रात्री आवळते का, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे: दुखत असतानाचा इसीजी मिळवायचा प्रयत्न करा. झटक्याच्या वेळी इसीजीतल्या रेषेचा एक भाग, ज्याला ‘एसटी’ म्हणतात, वर उचललेला दिसू शकतो, आणि कळ गेली की तो परत जागेवर येतो. हा बदल फार मोलाचा पुरावा आहे. पण त्यासाठी स्वतः गाडी चालवत निघू नका आणि कुणी नेईपर्यंत वाट पाहत बसू नका, १०८ ला फोन करा. झटके वारंवार येत असतील तर इसीजी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास नोंदवणारे होल्टर यंत्र लावता येईल का, किंवा रात्री दाखल करून मॉनिटरवर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर काही मोठ्या हृदयरोग केंद्रांत अँजिओग्राफीच्या वेळीच ॲसिटिलकोलीन नावाचे औषध नळीत थोडे थोडे सोडून ती आवळते का ते पाहतात. ही चाचणी सगळ्यांना लागत नाही, पण तिची चौकशी करण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरे, एक वही ठेवा. आपल्या रिक्षाचालकांच्या पत्नीने कॅलेंडरच्या मागे तीन आठवडे लिहिले: किती वाजता दुखले, किती मिनिटे दुखले, आदल्या संध्याकाळी किती बिड्या, दारू घेतली होती का, त्या दिवशी कुठली गोळी घेतली. त्यात दोन गोष्टी उघड झाल्या. झटके सगळे पहाटे तीन ते पाचमध्ये येत होते. आणि धडधड होते म्हणून सुरू केलेल्या प्रोप्रॅनोलॉलनंतर ते वाढले होते.

यात नवल नाही. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध नळी सैल ठेवणारा हात बांधून टाकते आणि आवळणारा हात मोकळा सोडते. हीच गोळी अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतात म्हणूनही दिली जाते. अर्धशिशीच्या सुमाट्रिप्टान आणि अर्गटच्या गोळ्या, तसेच सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्याही नळी आवळू शकतात. म्हणून घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन डॉक्टरांना दाखवा. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

तंबाखूचा धूर हे या दुखण्याचे सगळ्यात मोठे ज्ञात कारण आहे. बिडी कमी करून भागत नाही, ती सोडावीच लागते.

निदान झाल्यावर औषध सोपे आहे. डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनच्या गटातली गोळी नळीचा स्नायू सैल ठेवते. झटके पहाटे येत असतील तर डॉक्टर ती बहुधा रात्री घ्यायला सांगतात. बरे वाटले म्हणून ती अचानक बंद केली, तर झटके पुन्हा जोरात येऊ शकतात. कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही डॉक्टर लिहून देतात. ती बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. आणि लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात घेऊ नये. सॉर्बिट्रेटने बरे वाटले म्हणजे हृदयाचाच त्रास, असेही ठरत नाही, कारण अन्ननलिकेचा गोळाही त्याने सुटू शकतो.

नळ्या स्वच्छ असलेला माणूस धोक्याबाहेर असतो, असेही समजू नका. नळी जास्त वेळ आवळून राहिली तर हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि आवळलेल्या काळात हृदयाची लय बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुखताना डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर ती गोष्ट डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा. गोळी ठेवूनही पाच मिनिटांत कळ ओसरली नाही, तर १०८. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर हा स्पाझमच असेल असे घरी बसून ठरवू नका, तेव्हाही १०८च.

पुढच्या भेटीला नॉर्मल रिपोर्टसोबत ती वही न्या आणि एवढेच विचारा: ‘डॉक्टर, नळी स्वच्छ आहे हे कळले. पण पहाटे चार वाजता ती आवळत असेल का?’