भोंग्यानंतरची हजेरी

दौंड तालुक्यातले कुरकुंभ असो की शिरूरचे रांजणगाव, औद्योगिक वसाहतीत मॉक ड्रिल म्हटले की सगळ्यांचे लक्ष प्लँटकडे असते. टाक्या, व्हॉल्व्ह, फोमचे बंब. हिशेब, खरेदी, मनुष्यबळ विभागाची माणसे जिथे बसतात ती कार्यालयाची इमारत मागे राहते. म्हणून एका रासायनिक कारखान्यात आम्ही फक्त त्या तीन मजली इमारतीचीच ड्रिल घेतली.

वेळ मोजक्या लोकांनाच माहीत होती. शेजारच्या कारखान्यांना आणि अग्निशमन केंद्राला आधी कळवले, नाहीतर भोंगा ऐकून बंब निघायचा. दोन जिन्यांपैकी एकावर लाल फीत बांधून ‘इथे धूर आहे’ अशी पाटी लावली. प्रत्येक जिन्यापाशी आणि बाहेरच्या मैदानात घड्याळ घेऊन एकेक निरीक्षक उभा केला. मैदान निवडताना विंडसॉक पाहिला, कारण कुरकुंभसारख्या ठिकाणी वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला माणसे जमवणे म्हणजे त्यांना धुरात नेऊन उभे करणे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. पहिले दीड मिनिट जवळजवळ कोणी उठलेच नाही. फाइल सेव्ह करणे, डबा पिशवीत घालणे, ‘खरा आहे का हो?’ असे शेजाऱ्याला विचारणे यातच ते गेले. एकदा निघाल्यावर मात्र लोक भराभर उतरले आणि पाच मिनिटांच्या आत जिने रिकामे झाले. बहुतेक अहवाल इथेच संपतात: इमारत अमुक मिनिटांत रिकामी, सर्वांनी सहकार्य केले.

आमची अडचण इथून पुढे सुरू झाली. हजेरी यंत्राच्या यादीत ९२ नावे होती आणि मैदानात डोकी भरली ९१. एक कमी. कोणीतरी म्हणाले, ‘साहेब, एखादा रजेवर असेल.’ डोकी मोजणे थांबवून नावे पुकारायला लावली, तेव्हा कळले की यादीतले सात जण मैदानात नाहीत आणि यादीत नसलेले सहा जण तिथे उभे आहेत. हे सहा म्हणजे एसी दुरुस्तीला आलेले दोघे आणि कॅन्टीनच्या ठेकेदाराची चार माणसे. सातांपैकी चौघे गेटपासवर बँकेत आणि बाहेरगावी गेले होते, दोघे प्लँटमध्ये होते. सातवा रेकॉर्ड रूममधला लिपिक. लोखंडी दार, आत घरघरणारा पंखा, आणि भोंग्याचा स्पीकर नाही. तो सापडला तेव्हा अठरा मिनिटे उलटली होती, आणि तोही कोणीतरी त्याच्या मोबाइलवर फोन केला म्हणून. आणखी एक पाहुणा आलेला असता, तर ९२ ला ९२ जुळले असते आणि आम्ही निर्धास्त झालो असतो.

मंत्रालयाची आग आठवते. २१ जून २०१२. पाच जण गेले, आणि मृतांत कामानिमित्त आलेले, आपल्या शेजारच्या बारामतीचे लोकही होते. असा कामानिमित्त आलेला माणूस कुठल्याच मस्टरवर नसतो. त्याचे नाव असते ते फक्त स्वागतकक्षातल्या वहीत, आणि ड्रिलच्या दिवशी आमची ती वही टेबलावरच राहिली होती.

नोंद लिहिताना मी एक पथ्य पाळतो. निरीक्षकांनी आपसात बोलण्याआधी आपापले कागद लिहायचे. चर्चा झाली की सगळ्यांच्या वेळा आपोआप सारख्या होतात. लिहायचे तेही ‘समन्वयाचा अभाव’ असे नाही, तर ‘रेकॉर्ड रूममध्ये भोंगा ऐकू येत नाही, स्पीकर बसवणे, विद्युत विभाग, या तारखेपर्यंत’ असे. म्हणजे पुढच्या वेळी त्या दारापाशी उभे राहून तपासता येते.

त्यानुसार स्पीकर बसला. स्वागतकक्षाची वही रखवालदाराने काखेत मारून मैदानात आणायची असे ठरले. गेटपासची प्रत गेटवरून वायरलेसवर वाचून दाखवायची. प्रत्येक मजल्यावर एक मार्शल नेमला, जो सगळ्या खोल्या पाहून ‘मजला रिकामा’ असे कळवेल.

पुढच्या ड्रिलला हजेरी सात मिनिटांत जुळायच्या टप्प्यात आली. या वेळी आम्ही एका सहकारी ताईंना मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरच्या महिला प्रसाधनगृहात थांबायला सांगितले होते. मार्शलने ‘मजला रिकामा’ असे कळवले. ताई आतच होत्या. त्याला विचारले, तर म्हणाला, ‘साहेब, लेडीज टॉयलेटमध्ये मी कसा जाणार?’ त्याचे म्हणणे बरोबर होते. आता प्रत्येक मजल्यावर दोन मार्शल आहेत, एक पुरुष आणि एक बाई, आणि दोघांनी कळवल्याशिवाय तो मजला रिकामा धरत नाहीत.