पोस्ट सार्वजनिक असेल, पोस्टमागचा माणूस सार्वजनिक नाही!



आमच्या वळसंग परिसरातल्या एका मुलीने काही वर्षांपूर्वी फेसबुकवर एक पोस्ट लिहिली होती. वसतिगृहात आडनाव कळल्यानंतर खोलीतल्या मुलींचे वागणे कसे बदलले, हे तिने आपल्या बोलीत, मनातले जसेच्या तसे लिहिले. पंचवीस-तीस जणांनी लाइक केले, दोन मैत्रिणींनी धीर दिला. विषय तिथे संपला, असे तिला वाटले. दीड वर्षानंतर तिच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी तिला बोलावले आणि विचारले, "हे तू लिहिलंस का गं?" त्यांच्या हातात एक शोधनिबंध होता. त्यात तिची पोस्ट शब्दशः छापलेली होती. नाव नव्हते. खाली एवढेच होते की, लिहिणारी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातली बौद्ध विद्यार्थिनी आहे. पुढचे सहा महिने ती मुलगी त्याच विभागात, त्याच वसतिगृहात, त्याच मुलींबरोबर राहिली. ते कसे गेले असतील, हे मी सांगायला नको.

तिने संशोधकाला ईमेल केला. उत्तर एका ओळीचे आले : पोस्ट पब्लिक होती.

हा प्रसंग मी तिला विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील तिच्या सांगण्यावरून बदलले आहेत आणि तिच्या पोस्टमधले एकही वाक्य इथे देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच. आधी त्या एका ओळीच्या उत्तराचा समाचार घेऊ.

"सार्वजनिक" हा शब्द आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. या शब्दासाठी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. कागदावर. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा कुठे तो कागद पाण्याला लागला, आणि तळे सनातन्यांच्या खाजगी मालकीचे नाही हे उच्च न्यायालयातून पक्के व्हायला १९३७ साल उजाडले. वळसंगच्या विहिरीशीही बाबासाहेबांचे नाव जोडलेले आहे. त्यामुळे सार्वजनिक म्हणजे काय, हे आम्ही पाण्यावरून शिकलो. सार्वजनिक तळे म्हणजे तिथे यायचा, ओंजळ भरायचा हक्क सर्वांना. तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या बाईला उचलून प्रयोगशाळेत न्यायचा हक्क त्यात येत नाही. जागा सार्वजनिक असते, जागेवर आलेला माणूस सार्वजनिक मालमत्ता होत नाही.

हे माझे भावनिक म्हणणे नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून त्याची गोपनीयता संपत नाही, ती जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेली असते, हे त्या निकालपत्रात आले आहे.

पण मग कायदा आपल्या बाजूने आहे, असे समजून गाफील राहू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा उघडून कलम ३ वाचा. जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदाच लागू नाही. तिथे दिलेले उदाहरणही समाजमाध्यमावर आपली मते मांडणाऱ्या व्यक्तीचेच आहे. शिवाय संशोधनासाठी कलम १७ मध्ये वेगळी सूट आहे. म्हणजे त्या संशोधकाने बहुधा कोणताही कायदा मोडला नाही. म्हणून तो सुटला का? कायद्याने जे चालते ते सगळे न्याय्य असते, हे मानणारी आपली परंपरा नाही.

आता मुद्द्याचे. "नाव काढले होते" या बचावात किती दम आहे, ते तपासू.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दशः उद्धृत केलेले वाक्य स्वतःच एक पत्ता असतो. ते अवतरणचिन्हात घालून सर्च करा, मूळ पोस्ट समोर येण्याची शक्यता मोठी. २०१८ साली परदेशी संशोधकांनी ट्विटरवर आधारलेले आरोग्यविषयक शोधनिबंध तपासले. ७२ टक्के निबंधांत कोणाचे ना कोणाचे ट्वीट जसेच्या तसे छापलेले होते, आणि त्यांनी असा शोध घेऊन पाहिला तेव्हा ८४ टक्के वेळा ते लिहिणाऱ्यापर्यंत पोचले. इंग्रजीच्या महासागरात ही गत, तर मराठीचे काय? त्यातही आमची सोलापुरी, कानडीचा हेल असलेली मराठी. तशी वाक्ये महाराष्ट्रात लिहिणारे किती असतील?

दुसरी गोष्ट चाळणीची. सोलापूर जिल्ह्यात माणसे लाखोंनी आहेत. "खेड्यातली" म्हटले की कमी झाली. "बौद्ध" म्हटले की आणखी कमी. "विद्यार्थिनी" म्हटले की एका गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात वसतिगृहाचा उल्लेख आला की अमक्या विभागात अशी मुलगी एकच. जगाला ती सापडणार नाही कदाचित. पण जगापासून तिला धोका नव्हताच. धोका होता तो त्या खोलीपासून, विभागापासून, गावापासून, आणि नेमके तेच लोक तिला दोन मिनिटांत ओळखतात. मोठ्या शहरातल्या सवर्ण मुलाचे नाव काढले की तो गर्दीत मिसळतो. आमच्याकडे नाव काढून जात आणि गाव ठेवले की, ओळखणाऱ्याला आणखी काही लागत नाही.

धोका म्हणजे नुसती चर्चा होईल, अवघडल्यासारखे होईल, एवढाच नसतो. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका तरुणाचा खून झाला. रिंगटोनही चारचौघांत, सार्वजनिकच वाजली होती! आपल्यासाठी चारचौघांत व्यक्त होण्याची किंमत इतरांइतकी नसते, हे ज्याला कळत नाही त्याने जातीवर संशोधन करू नये.

तिसरी गोष्ट पुसण्याची. ती मुलगी घाबरून पोस्ट डिलीट करू शकते आणि तिने केलीही. निबंधातली प्रत मात्र राहिली. हजारो पोस्ट एका फाइलमध्ये भरून ती फाइल सर्वांना वाटली, तर तिथेही तेच होते. संशोधकांना यावर उपाय माहीत आहे : मजकूर वाटू नये, फक्त पोस्टचा क्रमांक वाटावा. मग नंतर कोणी तो क्रमांक घेऊन पोस्ट मागवली तर डिलीट केलेली पोस्ट येत नाही आणि लिहिणाऱ्याचा "नको"चा अधिकार शिल्लक राहतो. याने काम थोडे अवघड होते. होऊ दे.

"पण पब्लिक पोस्ट टाकली म्हणजे संमती दिलीच की!" कोणाला दिली? मैत्रिणींनी वाचावे म्हणून दिली. केसी फीस्लर आणि निकोलस प्रोफेरेस या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांनाच विचारले. आपली ट्वीट संशोधनात वापरली जातात हे बहुसंख्यांना माहीतच नव्हते आणि विचारल्याशिवाय वापरू नयेत असे बहुसंख्यांचे मत पडले. जे माहीतच नाही त्याला संमती कशी म्हणायची?

आता दुसरी बाजू, कारण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. असे संशोधन आपल्याला हवे आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये महाहेट हा मराठी द्वेषमूलक ट्वीटचा संच केला, पंचवीस हजारांहून अधिक ट्वीटचा. मराठीतला द्वेष मोजायचा तर असे संच लागतील. फेसबुकवर जातीय विष कसे पसरते हे इक्वॅलिटी लॅब्जने २०१९ मध्ये पोस्ट गोळा करूनच दाखवले. "आधी परवानगी आणा" म्हटले तर आपल्याला शिवी देणारा परवानगी देईल का? पंचवीस हजार लोकांना एकेक विचारणेही शक्य नाही.

म्हणून सगळ्यांना एकच नियम लावणे चूक. आमदार, पक्षाचे पान, लाखो अनुयायी असलेला माणूस सत्तेने बोलतो, त्याचे शब्द नावानिशी छापा. हजारो पोस्टची नुसती गणती करायची असेल, कोणाचेही वाक्य बाहेर येणार नसेल, तर एकेकाला विचारण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण एका साध्या माणसाचे दुःख उचलून त्याच्या शब्दांत छापायचे असेल, तर त्याला विचारलेच पाहिजे. त्यासाठी एक मेसेज पुरतो. उत्तर आले नाही तर शब्दशः छापू नका, आशय आपल्या शब्दांत मांडा आणि गाव गाळा.

आणि विचारताना आणखी एक प्रश्न विचारा : तुमचे नाव घालू का? कारण नाव गाळणे ही दर वेळी दयाच असते असे नाही, कधी ती चोरीही असते. आपला एखादा पोरगा फेसबुकवर आरक्षणावर दहा परिच्छेदांचा युक्तिवाद लिहितो. तो निबंधात येतो "एक दलित वापरकर्ता" म्हणून, नमुना म्हणून. त्याच पानावर एखाद्या सवर्ण प्राध्यापकाचे ट्वीट मात्र नाव, तारीख, संदर्भासह येते. त्यांनी लिहिले की विचार, आम्ही लिहिले की डेटा! गोपाळ गुरू यांनी २००२ मध्येच या विभागणीवर बोट ठेवले होते : सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र. समाजमाध्यमाने आमच्या हातात लेखणी दिली, आणि विद्यापीठाने त्या लेखणीचेही नमुने गोळा करून बाटलीत भरले. ज्याला लपायचे त्याला लपू द्या, ज्याला लेखक म्हणून उभे राहायचे त्याला नावानिशी उभे राहू द्या. निवड त्याची, संशोधकाची नव्हे.

शेवटचे बोलणे आपल्याच पोरांशी. पीएच.डी. करणारे आपले अनेक मित्र समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले मेसेज सरळ स्क्रीनशॉट काढून प्रबंधात चिकटवतात. ग्रुपची लिंक कोणालाही मिळते म्हणून ग्रुप चावडी होत नाही. तिथे माणूस आपल्या माणसांत बोललेला असतो. तुम्ही समाजातले आहात म्हणून तुम्हाला वेगळी सूट नाही. उलट तुम्हाला ग्रुपमध्ये घेतले ते विश्वासाने, म्हणून तुमची जबाबदारी जास्त. ग्रुपमध्ये आधी जाहीर सांगा की मी अभ्यास करतो आहे. ज्याचे शब्द वापरणार त्याला वेगळे विचारा. आणि छापण्याआधी स्वतःच एक परीक्षा घ्या : ते वाक्य सर्चमध्ये टाकून बघा, आणि ती ओळ गावातल्या पाटलाच्या हातात पडली तर काय होईल याचा विचार करा. या दोन्हींत नापास झालात, तर ते वाक्य तुमच्या प्रबंधाचे नाही.

त्या मुलीने आता फेसबुक सोडले आहे. जातीबद्दल लिहिणारा एक आवाज गेला, आणि तो कोणा ट्रोलने नाही, जातीविरोधी म्हणवणाऱ्या एका शोधनिबंधाने घालवला. तिला विचारायला एक मेसेज लागला असता.

जय भीम!